आखाजीला घसरतो, पोळ्याला चढतो: पंपाच्या कार्यक्षमतेचा आकडा दरवर्षी का हलतो?

तापीकाठच्या एका छोट्या उपसा सिंचन योजनेचा पंप मी गेली काही वर्षे सांभाळतो. सगळे पाणी केळीला जाते, मृगबाग आणि कांदेबाग दोन्ही. दर महिन्याला प्रेशर गेज, फ्लो मीटर आणि वीज मीटर यांचे आकडे घेऊन आम्ही पंपाची कार्यक्षमता काढतो आणि रजिस्टरला लिहितो. त्या रजिस्टरमध्ये एक गोष्ट दरवर्षी न चुकता दिसायची. जानेवारीत ६२ टक्के असलेला आकडा आखाजीच्या सुमारास उतरायला लागायचा, मे महिन्यात ५६ वर यायचा आणि पोळ्यापर्यंत पुन्हा ६२ च्या आसपास जायचा.

पहिल्या वर्षी आम्ही मे महिन्यात पंप खोलला आणि वेअर रिंग बदलल्या. पुढे पाऊस पडला, नदी भरली, आकडा वर आला आणि सगळ्यांना वाटले, रिंगा बदलल्या म्हणून पंप सुधारला. दुसऱ्या वर्षी तेच. तेव्हा इंपेलरही नवा टाकला. पोळ्याला आकडा पुन्हा वर. तिसऱ्या वर्षी आखाजीला तो परत घसरला, तेव्हा आमचे जुने ऑपरेटर नाना म्हणाले, "भाऊ, नवा इंपेलर वर्षात झिजत नाही. पंपाचं सोड, आपला हिशेब तपास."

नानांचे बरोबर होते. ज्यांच्या पंपाचा आकडा असाच ऋतूप्रमाणे हलतो, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

रजिस्टरमधला जुना हिशेब

जानेवारीचे आकडे असे होते. डिलिव्हरीचे गेज ३.९ किलो, म्हणजे ३९ मीटर पाणी, कारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब म्हणजे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. फ्लो मीटर तासाला १८० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ५० लिटर. मोटर विजेतून ३०.९ किलोवॅट घेत होती. पाण्याला मिळालेली शक्ती ९.८१ × ०.०५० × ३९ = १९.१ किलोवॅट. तिला ३०.९ ने भागले की ६२ टक्के.

मे महिन्यात गेज ३.७ किलो, प्रवाह १६५ घनमीटर, वीज २९.६ किलोवॅट. त्याच रीतीने पाण्याची शक्ती १६.६ किलोवॅट आणि आकडा ५६ टक्के. गणितात कुठेही चूक नाही, पण त्यात दोन मोठ्या गोष्टी राहून गेल्या आहेत आणि त्यातली एक नदीबरोबर वरखाली होते.

राहिलेली पहिली गोष्ट म्हणजे सक्शनची बाजू. पंप जी उंची देतो ती डिलिव्हरी गेजवर सगळी दिसत नाही. तिचा एक भाग पाणी खालून पंपापर्यंत ओढण्यात खर्च होतो आणि उरलेला गेजवर दिसतो. आमचा पंप नदीकाठच्या कोरड्या विहिरीत बसवलेला आहे. जानेवारीत खालच्या धरणाचा फुगवटा असतो, त्यामुळे पाण्याची पातळी पंपाच्या मध्यरेषेखाली जेमतेम १.८ मीटरवर असते. मे महिन्यात ती ५.३ मीटरवर जाते. म्हणजे पंप तितकेच काम करत असतो, फक्त त्यातले साडेतीन मीटर गेजच्या पाठीमागे जातात. आम्ही तो भाग मोजतच नव्हतो आणि त्याला पंपाची झीज समजत होतो.

दुसरी गोष्ट मोटरची. वीज मीटर सांगतो ती मोटरने घेतलेली शक्ती. पंपाच्या शाफ्टवर त्यापेक्षा कमी पोहोचते, कारण मोटर स्वतः काही खाते. जुन्या हिशेबातला ६२ हा आकडा पंप आणि मोटर मिळून येतो आणि आम्ही मात्र त्याची तुलना पंपाच्या कॅटलॉगमधल्या ७५ टक्क्यांशी करत होतो. ही चूक वर्षभर जवळपास सारखीच राहते, त्यामुळे तिने आकडा हलत नाही, पण पंप फार खराब आहे असा समज मनात घर करून बसतो.

आधी हवा, मग हिशेब

तिसऱ्या वर्षी आम्ही सक्शन पाइपला, पंपाच्या तोंडाजवळ, मध्यरेषेच्या उंचीवर एक निपल काढून कंपाउंड गेज लावले. साधे व्हॅक्यूम गेज न घेण्याचे कारण असे की पुरात नदी पंपाच्या वर चढते. तेव्हा सक्शनला व्हॅक्यूम नसतो, उलट दाब असतो आणि हिशेबात तो वजा करावा लागतो. कंपाउंड गेज दोन्हीकडे फिरते.

पहिल्याच दिवशी त्या गेजचा काटा एका जागी ठरेना. पाऱ्याच्या ४०० ते ४५० मिलिमीटरमध्ये तो थरथरत होता आणि फ्लो मीटरचा आकडाही सोबत नाचत होता. असे दिसले की कागद-पेन बाजूला ठेवावे, कारण आत कुठून तरी हवा जाते आहे. विद्युतचुंबकीय फ्लो मीटर हवेलाही पाणीच धरतो, त्यामुळे अशा वेळी काढलेली कार्यक्षमता कोणत्याही कामाची नाही.

नानांनी चालत्या पंपाच्या ग्लँडवर तांब्याने पाणी सोडले. एरवी ग्लँडमधून थेंब थेंब पाणी बाहेर पडायला हवे, इथे ओतलेले पाणीच आत ओढले गेले आणि दोन क्षण काटा स्थिर झाला. कारण सापडले. डिलिव्हरीकडून ग्लँडला सीलिंगचे पाणी आणणारी बारीक नळी तापीच्या गाळाने बंद झाली होती. हिवाळ्यात व्हॅक्यूम कमी असल्याने ते लक्षात येत नव्हते, उन्हाळ्यात ओढ वाढली आणि ग्लँडच्या दोरीतून हवा शिरू लागली. नळी काढून तार घालून साफ केली, ग्लँड दोरी नवी भरली, पंप पुन्हा चालू केला. काटा ४४० वर आणि प्रवाह १६५ वर ठरला. वरचे मे महिन्याचे आकडे या दुरुस्तीनंतरचे आहेत.

पूर्ण हिशेब

सूत्रे एवढीच आहेत:

```
H   = Hd + Hs + Z + Hv
Ph  = 9.81 × Q × H
Psh = Pm × ηm
ηp  = Ph / Psh × 100
```

`Hd` म्हणजे डिलिव्हरी गेजवरून आलेली उंची मीटरमध्ये आणि `Hs` म्हणजे सक्शनचा व्हॅक्यूम मीटरमध्ये. पाऱ्याच्या मिलिमीटरला ०.०१३६ ने गुणले की मीटर पाणी मिळते. `Z` हे दोन गेजांमधले उभे अंतर. `Hv` हा वेगाचा फरक, त्याबद्दल पुढे. `Q` सेकंदाला घनमीटरमध्ये घ्यायचा, म्हणजे तासाच्या आकड्याला ३६०० ने भागायचे. `Pm` ही मोटरने घेतलेली वीज, `ηm` मोटरची कार्यक्षमता आणि `Psh` शाफ्टवर पोहोचलेली शक्ती.

आमचे डिलिव्हरी गेज वाचायला सोपे जावे म्हणून तांब्याच्या नळीने वर भिंतीवर नेले आहे, पंपाच्या मध्यरेषेपासून १.२ मीटर उंच. ती नळी पाण्याने भरलेली असते, त्यामुळे गेजवर खऱ्या दाबापेक्षा १.२ मीटर कमी दिसते आणि ते परत मिळवावे लागतात. नळीत हवा अडकलेली असेल तर ही दुरुस्ती चुकते, म्हणून आकडा घेण्याआधी गेजखालचा कॉक सैल करून धार सलग येईपर्यंत हवा काढतो. सक्शनच्या गेजला मात्र हा प्रश्न आम्ही येऊच दिला नाही, ते निपलच्याच उंचीवर ठेवले.

गेजचे निपल कुठे आहे तेही पाहून घ्या. डिलिव्हरीचे निपल पंप आणि पहिल्या व्हॉल्व्हच्या मध्ये हवे. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि स्लुइस व्हॉल्व्हच्या पलीकडे असेल, तर व्हॉल्व्हमध्ये जाणारा दाब तुम्ही पंपाच्या माथी मारता.

वेगाचा भाग आमच्याकडे छोटा आहे. सक्शन पाइप २०० मिलिमीटरचा, डिलिव्हरी गेजजवळ पाइप १५० चा. सेकंदाला ५० लिटर असताना पाण्याचा वेग अनुक्रमे १.५९ आणि २.८३ मीटर. वेगाचा वर्ग १९.६२ ने भागून वजाबाकी केली की ०.२८ मीटर येतात. मे महिन्याच्या प्रवाहाला ०.२४. दोन्ही पाइप एकाच मापाचे असतील तर हा भाग शून्य.

आता जानेवारी पुन्हा मांडू. त्या महिन्यात सक्शनचे गेज नव्हते, म्हणून पुढच्या जानेवारीत तेवढ्याच पातळीला, तेवढ्याच प्रवाहाला घेतलेला १९० मिलिमीटरचा व्हॅक्यूम इथे धरला आहे. तो २.५८ मीटर होतो. एकूण उंची ३९.० + २.५८ + १.२ + ०.२८ = ४३.०६ मीटर. पाण्याची शक्ती ९.८१ × ०.०५० × ४३.०६ = २१.१ किलोवॅट. मोटरच्या पाटीवर कार्यक्षमता ९२.५ टक्के आहे, म्हणून शाफ्टची शक्ती ३०.९ × ०.९२५ = २८.६ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ७३.९ टक्के.

मे महिन्यात व्हॅक्यूम ४४० मिलिमीटर, म्हणजे ५.९८ मीटर. एकूण उंची ३७.० + ५.९८ + १.२ + ०.२४ = ४४.४२ मीटर. प्रवाह सेकंदाला ०.०४५८ घनमीटर, पाण्याची शक्ती २०.० किलोवॅट. शाफ्टवर २९.६ × ०.९२५ = २७.४ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ७२.९ टक्के.

रजिस्टरमध्ये सहा टक्क्यांची घसरण दिसत होती, ती एका टक्क्यावर आली. आणि तो एक टक्काही धरून बसण्यासारखा नाही. आमचे डिलिव्हरी गेज ० ते ७ किलोचे, १.६ वर्गाचे आहे. म्हणजे पूर्ण मापाच्या १.६ टक्के, साधारण ०.११ किलो किंवा १.१ मीटर एवढी चूक ते नवे असतानाही करू शकते. प्रवाहात दोन टक्के आणि विजेत एक टक्का चूक धरली, तर शेवटचा आकडा ७४ च्या दोन्ही बाजूंना अडीच टक्के हलू शकतो. जानेवारी आणि मे यांच्यात पंपाच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही, असेच त्याचे वाचन करायचे.

विजेचा आकडा कसा घ्यावा

बरेच जण क्लँप मीटरने अँपिअर मोजतात आणि पाटीवरच्या व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टरने गुणतात. उन्हाळ्यात आमच्या फीडरचे व्होल्टेज दिवसभर खालीवर होते आणि कपॅसिटर चालू की बंद यावर अँपिअर बदलतात, म्हणून त्या पद्धतीवर माझा विश्वास नाही. वीज मीटरवरचा लुकलुकणारा दिवा मोजणे जास्त खात्रीचे आहे. आमच्या मीटरवर एका युनिटला १६०० लुकलुक असे छापले आहे आणि सीटी १००/५ चा आहे, म्हणून २० चा गुणक लागतो. जानेवारीत ४० लुकलुक व्हायला ५८.२ सेकंद लागले:

```
Pm = 3600 × 40 × 20 / (1600 × 58.2) = 30.9 kW
```

काही मीटरांमध्ये सीटीचा गुणक आतच भरलेला असतो. तिथे २० ने पुन्हा गुणले तर मोटर सहाशे किलोवॅटची निघेल, चूक लगेच दिसते. पण त्याच मीटरवरून बाकीच्या मोटरी किंवा गावठाणातले दिवे चालू असतील तर त्याने होणारी चूक अशी दिसत नाही. पंधरा मिनिटे बाकी सगळे बंद ठेवायला सांगा.

मोटरचे ९२.५ टक्के हा नव्या मोटरचा आकडा आहे. आमची ३७ किलोवॅटची मोटर तीन चतुर्थांशाच्या आसपास भारावर चालते, तिथे तो चालतो. मोटर एकदा-दोनदा रिवाइंड झालेली असेल तर एक-दोन टक्के कमी धरा. भार निम्म्याहून खाली असेल तर पाटीचा आकडा वापरू नका.

फ्लो मीटरची खात्री आम्ही शेवटच्या हौदावर करतो. हौद ४ मीटर बाय ३ मीटर. बाहेर जाणारे दरवाजे बंद करून पाणी अर्धा मीटर चढायला किती वेळ लागतो ते पाहतो. ६ घनमीटर १२० सेकंदांत भरले तर प्रवाह सेकंदाला ५० लिटर. मीटर आणि हौद यांच्यात चार-पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर आधी वाटेतली गळती आणि मग मीटरच्या मागचा सरळ पाइप तपासायचा. एल्बोला चिकटून बसवलेल्या मीटरवर मी कधीच विसंबत नाही.

मग पंप खोलायचा कधी?

कार्यक्षमतेच्या एका आकड्यावरून नाही. पंप नवा असताना किंवा नुकताच दुरुस्त केलेला असताना, व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत चार-पाच प्रवाहांना एकूण उंची मोजून कागदावर रेघ काढून ठेवा. नंतर कधीही शंका आली की आजचा प्रवाह आणि आजची उंची त्या रेघेवर बसते का ते पाहायचे. आमच्या रेघेवर १८० ला ४३ मीटर आणि १६५ ला ४४.४ मीटर येतात. जानेवारी आणि मे हे दोन्ही बिंदू एकाच रेघेवर आहेत. नदी खाली गेली म्हणून पंप त्याच रेघेवर थोडा डावीकडे सरकला, एवढेच.

रिंगा झिजल्या की बिंदू रेघेच्या खाली पडतो, कारण आत फिरून परत येणारे पाणी वाढते. १६५ च्या प्रवाहाला उंची ४२ मीटरच्या खाली आली तर आम्ही पंप खोलू. दोन मीटरांच्या आतला फरक गेजची चूकही असू शकते.

सक्शन गेजचा आणखी एक उपयोग आम्हाला नंतर कळला. आमच्याकडे व्हॅक्यूम मीटरमध्ये काढला की तो पाण्याच्या प्रत्यक्ष खोलीपेक्षा पाऊण मीटरने जास्त असतो. ते पाऊण मीटर म्हणजे पाइपचे घर्षण आणि वेग. नदीची पातळी तीच आणि व्हॅक्यूम मात्र ४४० वरून ५०० च्या पुढे गेला, तर सक्शन पाइपच्या तळाशी असलेल्या फुटबॉलच्या, म्हणजे फूट व्हॉल्व्हच्या, जाळीत शेवाळ किंवा पाला अडकलेला आहे. मे महिन्यात याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. आपल्याकडे हवेचा दाब साधारण १०.१ मीटर पाण्याएवढा. त्यातून ५.३ मीटर खोली, ०.६ मीटर घर्षण आणि तापलेल्या पाण्याच्या वाफेचे अर्धा मीटर वजा केले की ३.७ मीटर उरतात. आमच्या पंपाला कॅटलॉगप्रमाणे ३ लागतात. जाळी अर्धी बुजली की हे वरचे ०.७ मीटरही जातात, पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतो आणि इंपेलरला खड्डे पडायला लागतात. तेव्हा येणारी घसरण मात्र खरी असते आणि बिंदूही रेघेखाली पडतो.

सभासदांच्या बैठकीत एकाने विचारले होते की पंप दोन मीटर खाली बसवला तर वीज वाचेल का. वाचणार नाही. नदीपासून हौदापर्यंतची उंची तेवढीच राहते, फक्त सक्शनकडचे दोन मीटर डिलिव्हरीकडे जातात. हवा शिरण्याचा आणि खड्डे पडण्याचा धोका कमी होईल, तो फायदा वेगळा.

उन्हाळ्यात तासाला १५ घनमीटर कमी येतात, हे मात्र खरेच आहे. आठ तासांच्या लाईटला १२० घनमीटर. झाडामागे रोज २० लिटर धरले तर ते सहा हजार झाडांचे पाणी होते आणि बाग निसवणीला आलेली असताना शेतकरी ते विसरत नाही. पण पंप खोलून ते परत मिळत नव्हते. उलट खोलायला दोन दिवस जायचे, म्हणजे २६४० घनमीटर पाणी बुडायचे, तेही ऐन मे महिन्यात. यंदा एप्रिलचे पाळीपत्रक आम्ही १८० ऐवजी १६५ धरूनच केले. रजिस्टरमध्ये नदीची पातळी आणि सक्शनचा व्हॅक्यूम असे दोन रकाने वाढवले आहेत आणि आखाजीच्या आदल्या आठवड्यात ग्लँडची सीलिंग नळी साफ करायचे काम नानांनी स्वतःकडे घेतले आहे.